उपक्रम तीन: वस्तीवरचे हापसे

आमचा प्रस्ताव परत आला तेव्हा मी प्रयोगशाळेत बीएस्सीच्या मुलींचं प्रॅक्टिकल घेत होते. मेल मोबाईलवर आला. मुलींना टायट्रेशन करायला लावून मी खिडकीपाशी जाऊन तो वाचला आणि माझं डोकं सणकलं.

वैजापूर तालुक्यातल्या दहा गावांतलं पिण्याचं पाणी तपासायचा तो प्रस्ताव होता. मी रसायनशास्त्र शिकवते. खतांतून, उकिरड्यांतून, संडासांच्या शोषखड्ड्यांतून झिरपलेलं नायट्रेट पाण्यात किती उतरतं, आणि सोबत फ्लोराइड किती, एवढंच पाहायचं होतं. प्रत्येक गावात तीन ठिकाणं: गावाची सार्वजनिक विहीर, शेतातली एक खासगी बोअर आणि वस्तीवरचा हापसा. वर्षात तीन फेऱ्या: पावसाळ्याआधी, पावसाळ्यानंतर आणि हिवाळ्यात. काम साधं होतं. पण आमच्या विभागातून बाहेरच्या निधीसाठी गेलेला कित्येक वर्षांतला तो पहिला प्रस्ताव, आणि तो मी लिहिलेला होता.

निधी देणाऱ्या संस्थेच्या छाननीत शास्त्राबद्दल तक्रार नव्हती. तक्रार होती खर्चाबद्दल. ‘अंदाजपत्रकाचं समर्थन मोघम आहे. प्रत्येक खर्च नाव दिलेल्या एखाद्या उपक्रमाशी जोडून पुन्हा लिहावा. प्रवासखर्च जास्त वाटतो. नमुन्यांची ठिकाणं कमी करता येतील का ते पाहावं.’

पहिला राग आला तो त्या संस्थेचा. इथं येऊन बघा म्हणावं एकदा, असं मनात आलं. घरी जाऊन समर्थनाचे परिच्छेद पुन्हा वाचले आणि राग थोडा वळला. आम्ही लिहिलं होतं: ‘क्षेत्रभेटींसाठी प्रवास आवश्यक आहे.’ ‘नमुने गोळा करण्यासाठी बाटल्या लागतील.’ ‘प्रकल्पाच्या कामासाठी लॅपटॉप आणि रंगीत प्रिंटर लागेल.’ ही वाक्यं कुठल्याही प्रस्तावात बसली असती. कापसावरच्या किडीच्या प्रस्तावात चिकटवली असती तरी कुणाला पत्ता लागला नसता.

ही वाक्यं आमच्या विभागप्रमुखांची होती. त्यांना आम्ही सगळे ‘सर’ म्हणतो, इथंही तेवढंच पुरे. सर प्रस्तावात सह-संशोधक होते. मी शास्त्राचा भाग लिहिला आणि खर्चाचा भाग त्यांनी ‘अनुभवावरून’ भरून दिला होता. लॅपटॉप आणि प्रिंटर त्यांनीच घातलेले. ते कशासाठी, हे मी विचारलं तेव्हा म्हणाले, “मॅडम, प्रकल्प आला की विभागाला काहीतरी मिळालं पाहिजे. सगळीकडं असंच चालतं.”

दुसऱ्या दिवशी मेल दाखवायला गेले तर सरांनी तो वाचून दोन मिनिटांत निकाल दिला.

“सोपं आहे. ठिकाणं कमी करा. हापसे काढून टाका.”

“हापसे का?”

“दहा ठिकाणं कमी झाली की प्रवास तिसऱ्या हिश्शानं उतरतो. त्यांना तेच हवंय. सार्वजनिक विहीर घेतली की गावाचं प्रतिनिधित्व झालं.”

“सर, वस्ती त्या विहिरीचं पाणी पीत नाही.”

“तपशील आहेत हो ते,” सर म्हणाले आणि त्यांनी चहाची ऑर्डर दिली. एक चहा माझ्यासाठीही सांगितला. रागावलेल्या माणसाला चहा पाजायची त्यांची ही पद्धत विभागात सगळ्यांना माहीत आहे.

मी तो चहा प्यायले. अंगाचा तिळपापड झाला होता तरी प्यायले. कारण प्रस्ताव कॉलेजातून पुढं जायचा तर त्यांच्या लॉगिनवरून, त्यांच्या मंजुरीनं जायचा होता.

मी स्वतः अशाच एका वस्तीवर वाढले. वैजापूरच्या पलीकडं आमचं गाव. गावठाण संपलं की मध्ये एक ओढा आणि ओढ्यापलीकडं आमची बौद्धवस्ती. माझं शिक्षण, नोकरी, शहरात गारखेड्यातला फ्लॅट हे सगळं नंतरचं. भाऊ आणि वहिनी अजून तिथंच राहतात. पण प्रस्तावात हापसे मी काही जिव्हाळ्यापोटी घातले नव्हते. पाण्याचा अभ्यास करायचा तर लोक जे पाणी पितात ते तपासायचं, एवढीच त्यामागची अक्कल. ती सांगायला माझी जात लागत नाही, रसायनशास्त्र पुरतं. आणि तरीही सरांनी ‘तपशील’ म्हटलं तेव्हा मला नेमकं काय बोचलं हे मला कळलं होतं आणि त्यांना ते कळलं नव्हतं, याचाच संताप जास्त होता.

मी ठरवलं, संस्थेनं जसं सांगितलंय तसंच लिहायचं. अगदी शब्दशः. प्रत्येक खर्चाला विचारायचं: तू कोणत्या कामासाठी? ज्याला उत्तर देता आलं नाही तो बाहेर.

आधी कामांना नावं दिली. उपक्रम एक: गावभेट आणि पाणवठ्यांची नोंद. उपक्रम दोन: गावठाणातल्या विहिरी आणि शेतातल्या बोअरचे नमुने. उपक्रम तीन: वस्तीवरच्या हापशांचे नमुने. उपक्रम चार: प्रयोगशाळेतली तपासणी. उपक्रम पाच: निकाल गावात जाऊन सांगणं. प्रस्ताव इंग्रजीत होता, पण मी कच्चं लिखाण मराठीत केलं. मराठीत लिहिलं की खोटं लगेच उघडं पडतं.

मग बाटल्या घेतल्या. मागच्या खेपेला दोनशे मागितल्या होत्या. तीस ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी दोन बाटल्या, एक नायट्रेटसाठी बर्फात ठेवायची आणि दुसरी फ्लोराइडसाठी. शिवाय दर दहा ठिकाणांमागं एका ठिकाणचा नमुना दुबार घ्यायचा, म्हणजे आपली तपासणी कितपत खरी ते कळतं. एका फेरीला सहासष्ट झाल्या. पण तीन फेऱ्यांना वेगवेगळ्या बाटल्या कशाला? आम्लानं धुऊन, स्वच्छ पाण्यानं खळबळून त्याच पुन्हा वापरता येतात. फुटीतुटीला थोड्या धरून पंचाहत्तर पुरत होत्या. दोनशेचं समर्थन मला करताच येईना. मी आकडा खाली आणला आणि दोन ओळी लिहिल्या: किती ठिकाणं, का दोन, का दुबार, का धुऊन पुन्हा. तो परिच्छेद वाचून मला स्वतःलाच बरं वाटलं. छाननीवाल्यांचा राग येण्याचं एक कारण कमी झालं. तेवढ्यापुरते ते बरोबर होते.

प्रवासाचं कोडं मात्र टेबलावर बसून सुटेना. म्हणून एका सुट्टीच्या दिवशी मी भाड्याची गाडी सांगितली, स्वतःच्या खिशातून. बर्फाची पेटी मागं ठेवली आणि दोन गावं करून आले. नमुना घ्यायला, जागा नोंदवायला, लोकांशी बोलायला किती वेळ जातो ते पाहायचं होतं. एसटीनं का नको, याचंही उत्तर हवं होतं. ते उत्तर दुपारीच मिळालं. नायट्रेटचा नमुना थंड ठेवून लवकर तपासावा लागतो, दोन दिवसांच्या आत. बर्फाची पेटी घेऊन फाट्यावर एसटीची वाट बघत उन्हात उभं राहिलं तर शहरात पोचेपर्यंत पेटीत कोमट पाणी असणार. म्हणून गाडी, आणि त्याच दिवशी परत. एका दिवसात दोनच गावं नीट होतात.

दुसरं गाव आमचंच होतं. सार्वजनिक विहिरीपाशी नमुना घेतला, गाडी तिथंच ठेवली आणि ओढा ओलांडून चालत वस्तीवर गेले. वहिनी हापशावरच होती. तिनं माझ्या हातातल्या बाटल्या पाहिल्या.

“हे काय आणलंय ताई? दवाखान्याचं हाय का?”

“पाणी तपासायला न्यायचंय, वहिनी.”

“आमचं?” ती हसली. “आमचं कुणी न्यायला नाय आलं आजवर. तपासणीवाले येतात, विहिरीवर बाटली भरतात, तिकडल्या तिकडं जातात. मी एकदा म्हणले, सायेब, इकडं बी या. तर म्हणतो, एका गावाला एकच बाटली हाय.”

“मग?”

“मग काय. लई ऊन व्हतं, गेला निघून.”

तिनं हापसा मारला, मी बाटली त्याच पाण्यानं आधी विसळून घेतली आणि मग भरली. हापशाच्या वरच्या अंगाला कुणाच्या तरी संडासाचा शोषखड्डा होता. तो मी वहीत नोंदवला. वहिनीनं जेवल्याशिवाय सोडलं नाही. गाडीवाल्यालाही बोलावून आणलं.

परतीच्या वाटेवर गाडीत बसल्या बसल्या मला सरांच्या हिशोबातली गफलत दिसली आणि मी मोठ्यानं “अरे!” म्हणाले. गाडीवाल्यानं दचकून आरशात पाहिलं. गाडी गावाला जाते, पाणवठ्याला नाही. विहीर तपासायला गेलेली गाडी हापशासाठी वेगळी जात नाही. ती विहिरीपाशीच उभी असते आणि मी ओढा ओलांडून चालत जाते. दहा गावं, दिवसाला दोन, म्हणजे एका फेरीला पाच दिवस. हापसे घेतले तरी पाच, काढले तरी पाच. उपक्रम तीन पूर्ण खोडला तर वाचणार होत्या थोड्या बाटल्या आणि तीस नमुन्यांपुरती रसायनं. त्या सगळ्याची किंमत सरांच्या रंगीत प्रिंटरच्या निम्मीसुद्धा नव्हती.

तिसऱ्या हिश्शानं प्रवास उतरेल म्हणे! हा माणूस तीस वर्षं विज्ञान शिकवतोय. आणि हिशोब न करताच त्याच्या तोंडून पहिलं कापायचं नाव आलं ते हापशाचं. बोअर का नाही आली? विहीर का नाही? मी गारखेड्याला घरी पोचेपर्यंत हेच डोक्यात होतं.

पुढचे काही दिवस मी लिहीतच होते. प्रवासाचा परिच्छेद असा झाला: ‘भाड्याची गाडी: उपक्रम एक, दोन आणि तीन यांसाठी एकत्रित. एका दिवसात दोन गावं. नमुने थंड ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत आणणं गरजेचं असल्यानं सार्वजनिक वाहन वापरता येत नाही. दोन आणि तीन हे उपक्रम एकाच भेटीत होत असल्यानं उपक्रम तीनसाठी वेगळा प्रवासखर्च नाही.’ शेवटचं वाक्य मी मुद्दाम लिहिलं. फ्लोराइड मोजायचा इलेक्ट्रोड उपक्रम चारला जोडला. नायट्रेट मोजायचा रंगमापक आमच्याकडं आधीच आहे, म्हणून तो मागितला नाही, आणि मागत नाही हेही लिहिलं. प्रकल्प साहाय्यकाचे महिने उपक्रमांवर वाटून दिले, कोणत्या महिन्यात नमुने, कोणत्या महिन्यात तपासणी. दोन फेऱ्यांच्या मध्ये त्याला काय काम, याचंही उत्तर शोधलं. जिथं उत्तर सापडलं नाही तिथं महिने कमी केले.

लॅपटॉपला काम नव्हतं. विभागात संगणक आहेत आणि तीस ठिकाणांचे आकडे त्यात सहज मावतात. प्रिंटर उरला.

सर म्हणाले, “प्रिंटर उपक्रम पाचला जोडा ना. गावात निकाल सांगायचा तर पत्रकं लागतील. रंगीत.”

मी औरंगपुऱ्यात जाऊन छापखान्यातून दर लिहून आणला. दहा गावांची पत्रकं छापून घ्यायला जे पैसे लागत होते त्यात प्रिंटरची शाईसुद्धा आली नसती. तो कागद मी सरांच्या टेबलावर ठेवला.

त्यांनी तो उलटा करून ठेवला. “तुम्ही हे फार मनावर घेताय.”

“सर, त्यांनी सांगितलंय, प्रत्येक खर्च उपक्रमाशी जोडा. याला उपक्रम नाही.”

“आणि हे नाव?” त्यांनी उपक्रम तीनवर बोट ठेवलं. “वस्तीवरचे हापसे. दलित वस्ती, असं खाली स्पष्टीकरणही दिलंय. विज्ञानाच्या प्रस्तावात जातपात कशाला आणता? उगाच वेगळा वास येतो.”

“कसला वास?”

“राजकारणाचा. मी तुमच्या भल्यासाठी सांगतोय. ‘इतर स्रोत’ लिहा. काम तेच राहील.”

माझा आवाज चढला. बाहेर मुलं उभी असतील याचंही भान राहिलं नाही. “सर, हापसा ओढ्यापलीकडं आहे तो मी नाही नेला तिथं. वस्ती वेगळी वसवली तेव्हा कुणी राजकारण म्हटलं नाही. तिथलं पाणी वेगळं लिहिलं की राजकारण होतं का?”

सर चष्मा पुसत राहिले. मग शांतपणे म्हणाले, “ठीक आहे. तुमचा प्रस्ताव. मी पुढं पाठवतो.”

मी प्रिंटर आणि लॅपटॉप काढलेली, नाव तसंच ठेवलेली प्रत त्यांना मेल केली. त्यांनी ती मंजूर करून संशोधन कक्षाकडं पाठवली आणि कक्षानं संस्थेच्या पोर्टलवर चढवली. मला मुदतीच्या दिवशी ‘सादर झालं’ असा मेल आला. मी कॉलेजबाहेर गाडीवरची कुल्फी घेऊन उभ्या उभ्या खाल्ली, एवढी खूश होते.

सादरीकरणाला बोलावणं आलं. ऑनलाइनच होतं. कॉलेजच्या सभागृहात मोठा पडदा लावला. मी, शेजारी सर आणि पलीकडं संशोधन कक्षाच्या समन्वयक मॅडम. पडद्यावर समितीचे चार-पाच जण. माझं शास्त्राचं सादरीकरण चांगलं झालं. मग समितीतल्या एका ज्येष्ठ बाईंनी खर्चाचा तक्ता पडद्यावर उघडला. पोर्टलवर आलेला तक्ता.

त्यात लिहिलं होतं: उपक्रम तीन, इतर स्रोत.

मी सरांकडं पाहिलं. ते पडद्याकडं पाहत होते.

“समर्थन यावेळी चांगलं लिहिलंय,” त्या बाई म्हणाल्या. “बाटल्यांचा हिशोब, गाडीचे दिवस, सगळं स्पष्ट आहे. दोनच गोष्टी बसत नाहीत. एक, ‘इतर स्रोत’. हे कोणते? आम्ही उपक्रमाला नाव द्यायला सांगितलं होतं. इतर हे नाव नाही. दुसरं, एक प्रिंटर आहे, ‘सर्वसाधारण प्रयोगशाळा साहाय्य’ या कारणासाठी. हेही मोघम. दोन्ही काढून टाकावं असं माझं मत.”

म्हणजे प्रिंटरही परत आला होता. आणि जे होऊ नये म्हणून मी इतके दिवस खपले, नेमकं तेच माझ्या डोळ्यांदेखत होत होतं. वस्तीचं पाणी आणि सरांचा प्रिंटर एकाच कात्रीत सापडले होते, दोघांनाही काम नाही म्हणून. नाव राहिलं असतं तर हापसे टिकले असते. नाव पुसलं म्हणूनच ते फालतू ठरत होते.

मी माइक चालू केला.

“मॅडम, मी मुख्य संशोधक आहे. उपक्रम तीनचं नाव ‘इतर स्रोत’ नाही. मी लिहिलेलं नाव आहे ‘वस्तीवरच्या हापशांचे नमुने’, म्हणजे दलित वस्त्यांवरचे. या दहाही गावांत वस्तीचा पिण्याच्या पाण्याचा स्रोत वेगळा आहे. तो सोडला तर त्या लोकांच्या पाण्याबद्दल आपल्याला काहीच कळणार नाही, आणि तरी अहवालात गावाचं पाणी तपासलं असं लिहिलं जाईल. त्याला प्रवासखर्च नाही. प्रवासाच्या परिच्छेदातलं शेवटचं वाक्य पाहावं.”

बाईंनी तक्ता खाली सरकवला. ते वाक्य होतं. सरांना ते खोडायचं सुचलं नव्हतं.

“मग नाव का बदललं?” समितीतल्या दुसऱ्या एका गृहस्थांनी विचारलं.

सर म्हणाले, “ती किरकोळ भाषिक दुरुस्ती होती.”

“किरकोळ कशी?” बाई म्हणाल्या. “त्यामुळं मी आत्ता उपक्रम काढायला निघाले होते.” मग मला विचारलं: “आणि प्रिंटर? तो कोणत्या उपक्रमासाठी?”

सरांनी माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत धमकी नव्हती, विनंती होती. त्याचाच मला जास्त राग आला.

“कुठल्याच नाही,” मी म्हणाले.

समितीनं सुधारित तक्ता पाठवायला सांगितला आणि बैठक संपली. पडदा काळा झाल्यावर समन्वयक मॅडम पटकन म्हणाल्या, “मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. सरांनी सांगितलं, मॅडमशी बोलणं झालंय.” त्यांचा चेहरा पडला होता.

मी सरांना तिथंच विचारलं, “माझ्या नावाच्या प्रस्तावात मला न विचारता बदल का केलात?”

“तुम्ही मला समितीसमोर उघडं पाडलंत.”

“मी विचारलंय, बदल का केलात.”

“मी तीस वर्षं या विभागात आहे. माझी काही इज्जत...”

“आणि वस्तीवरची माणसं? तुमच्या दोन शब्दांनी ती यादीतून गेली असती सर. कुणाला कळलंही नसतं, मलासुद्धा नाही. पुढं कधीतरी मंजुरीचं पत्र आलं असतं, त्यात चारच उपक्रम असते आणि मी समितीला शिव्या देत बसले असते.”

ते उठून गेले. दार आपटलं नाही, हळूच लावलं. सभ्य माणूस आहे, असं त्यांच्याबद्दल सगळेच म्हणतात. मीही म्हणायची.

सुधारित तक्ता पाठवताना या खेपेला मी संशोधन कक्षात स्वतः बसले. समन्वयक मॅडमनी एकेक ओळ मोठ्यानं वाचली, मी मान डोलावली, आणि मग त्यांनी पोर्टलवर चढवली. उपक्रम तीनचं नाव वाचताना त्या क्षणभर थांबल्या. म्हणाल्या, “माझं माहेर वैजापूरकडंच. आमच्या शेतात बोअर आहे. वस्तीवर कोणतं पाणी पितात, मी कधी विचारलंच नाही.” मी त्यांना पुढची ओळ वाचायला सांगितली.

पैसे मंजूर झाले. संकीर्ण खर्च निम्म्यावर आणला त्यांनी, साहाय्यकाचा एक महिना कापला. प्रिंटर गेला. पाचही उपक्रम राहिले, नावासकट. सर सह-संशोधक म्हणून नाव काढून घेतील असं वाटलं होतं, पण त्यांनी काढलं नाही. कॉलेजच्या वार्षिक कार्यक्रमात प्राचार्यांनी प्रकल्पाचं कौतुक केलं तेव्हा सर उभे राहिले आणि म्हणाले, “वंचितांच्या पाण्याचा प्रश्न आमच्या विभागानं हाती घेतला याचा मला अभिमान आहे.” टाळ्या झाल्या. मी नाही वाजवल्या. शेजारी बसलेल्या सहकारी बाईंनी मला कोपरानं ढोसलं, तरीही नाही.

काही जण मला म्हणतात, झालं ना तुमच्या मनासारखं, आता सोडून द्या. मला ते जमत नाही. त्या दिवशी समितीतल्या बाईंनी तक्ता नीट वाचला नसता, किंवा मला सादरीकरणाला बोलावलंच नसतं, तर काय झालं असतं हे माझ्या डोक्यातून जात नाही. खर्च कशासाठी ते लिहा, हा इतका साधा नियम. सरळ पाळला तर चांगला. पण कामाला नाव द्यायचा हक्क ज्याच्याकडं, तो ‘इतर’ लिहून माणसं गायब करू शकतो आणि वर त्याला भाषिक दुरुस्ती म्हणू शकतो.

पावसाळ्याआधीची फेरी झाली. पाच दिवस, दहा गावं. साहाय्यक मुलगी हुशार आहे, माझ्या आधी ओढा ओलांडते. आकडे आलेत, पण एका फेरीवरून काही सांगणं बरोबर नाही. अजून दोन फेऱ्या बाकी आहेत. एका वस्तीवर हापसा महिनाभर बंद पडलेला निघाला. बायका दूरच्या शेतातल्या बोअरवरून पाणी आणत होत्या. तिथं नमुना कुठला घ्यायचा, असं साहाय्यक मुलीनं विचारलं. “बायका जिथून आणतात तिथला,” मी म्हणाले, “आणि हापसा बंद आहे, हे वस्तीच्या नावासकट लिही.” तिनं लिहिलं. मग आम्ही त्या बायकांसोबत बोअरकडं चालायला लागलो.